नेहमीचंच कलम

फरशांच्या कारखान्यात तिला सगळे कलमताई म्हणत. तिच्या मागे नव्हे, तोंडावर. करारमदारांच्या खोलीत सतरा वर्षं बसलेली बाई. कोणी सही करायला आलं की आधी हिच्या टेबलावरून जाणार. तिच्या नवऱ्याचा एक जुना विनोद होता. पाहुण्यांसमोर तो हमखास म्हणायचा, "आमच्याकडे भाजीत मीठ कमी पडलं तरी पोटकलम निघतं, अ, ब आणि क." पाहुणे हसत. तीही हसे, कारण ते खरंच होतं. आपण लिहिलेल्या वाक्यातून पाणीसुद्धा गळू नये, हा तिचा अभिमान होता. आणि अभिमानाचं एक असतं, तो माणसाला नको त्या दारात नेऊन उभं करतो.

त्या वर्षी फरशा तडकत होत्या. भट्टीतून अख्ख्या निघायच्या आणि गोदामात रात्रीतून टिंग टिंग आवाज करत फुटायच्या. साहेबांनी, म्हणजे मालकांच्या थोरल्या मुलाने, बाहेरून एक सल्लागार बोलावला. साठीचा, हडकुळा, भुवया भट्टीच्या धगीने अर्ध्या झडलेल्या. त्यांना पहिल्याच दिवशी कामगारांनी भट्टीकाका करून टाकलं. आठ महिन्यांचा करार ठरला.

कलमताईने गुप्ततेचं कलम मनापासून लिहिलं. करार संपला की त्यातली बंधनंही बहुतेक संपतात, म्हणून हे कलम करारानंतरही जिवंत राहील असं तिने स्पष्ट घातलं. मुदत तीन वर्षं. कारखान्याच्या हिरव्या चकाकीचं मिश्रण मात्र ते गुपित राहील तोवर गुपित. आणि शेवटी अपवाद: जे जगजाहीर आहे ते, जे सल्लागाराला आधीपासून ठाऊक होतं आणि त्याच्या कागदांवरून सिद्ध होतं ते, जे तिसऱ्याकडून रीतसर मिळालं ते, जे त्याने आमच्या माहितीला हात न लावता स्वतः शोधलं ते, आणि जे कायद्याने सांगावंच लागतं ते.

साहेबांनी कागद वाचला आणि टेबलावर आपटला.

"हे कलम आहे की चाळणी?"

"चाळणीच आहे, साहेब. आपलं पीठ आपल्याकडे, त्यांचं त्यांच्याकडे."

"मला सगळं पीठ हवंय. आणि ही तीन वर्षं काय? नंतर काय, गावभर दवंडी?"

"फरशीचे दर, गिऱ्हाइकांची यादी, तीन वर्षांत शिळं होतं ते. खरं गुपित हिरव्याचं, त्याला मुदत घातलेलीच नाही."

"कायमचं लिहा. आणि ते अपवाद उडवा. कामाच्या निमित्ताने जे जे निघेल, कोणाच्याही तोंडून, ते आपलं."

"इतकं मोठं जाळं टाकलं तर कोर्ट मान्य करेलच असं नाही. उलट हिरव्याचंही—"

साहेब हसले. "कोर्टात जायचंय कोणाला, ताई? माणूस घाबरला म्हणजे झालं."

तिने ते उडवलं. तिच्याच हाताने, पाच ओळी, एका बोटाने. वाक्य मोडू नये म्हणून पुढचा मजकूर नीट जुळवूनही घेतला. खोटं कशाला सांगायचं, जुळल्यावर तिला जरा बरंसुद्धा वाटलं. कुठे फट म्हणून राहिली नव्हती.

सहीच्या दिवशी भट्टीकाका काखेत एक वही घेऊन आले. पुठ्ठ्याची, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेली. तीस वर्षांच्या भट्ट्या त्यात होत्या, प्रत्येक पानावर तारीख. फरशी थंड करताना पावणेसहाशे अंशांच्या आसपास वेग उतरवायचा, किती उतरवायचा, कोणत्या मातीला किती. निम्मं तर पुस्तकात छापलेलं. उरलेलं त्यांनी चटके खाऊन मिळवलेलं.

"ताई, चष्मा घरी राहिला," काका म्हणाले. "हे शेवटचं पान काय म्हणतंय? माझ्या वहीला काही बाध तर नाही ना?"

आता इथे ती एक वाक्य बोलू शकत होती. 'वहीतल्या गोष्टींची यादी जोडा, काका, आणि खाली दोघांच्या सह्या घ्या.' एवढंच. साहेब शेजारच्या खोलीत फोनवर होते, दार उघडं होतं.

"नेहमीचंच आहे, काका," ती म्हणाली.

"मग झालं तर!" काकांनी सही ठोकली. वर म्हणाले, "वकिलांचं अक्षर आणि डॉक्टरांचं अक्षर, दोन्ही देवाच्या भरवशावर."

आठ महिन्यांत फरशा तडकायच्या थांबल्या. काकांनी वही भट्टीवरच्या टेबलावर उघडी ठेवून पोरांना शिकवलं. कोणी विचारलं तर पान फाडून देतील असा माणूस. जाताना साऱ्यांशी हात मिळवले.

वर्षभराने ते दुसऱ्या गावातल्या एका छोट्या कारखान्यात भट्टीप्रमुख म्हणून लागले. पक्की नोकरी, आयुष्यात पहिल्यांदा. साहेबांच्या कानावर गेलं की तिथल्याही फरशा आता तडकत नाहीत.

"नोटीस काढा," साहेब म्हणाले. "काकांना, आणि एक प्रत त्यांच्या नव्या मालकाला."

"साहेब, ती पद्धत काकांचीच आहे. आपल्याकडे येण्याआधीची."

"करारात तसं लिहिलंय?"

नव्हतं लिहिलेलं. ते तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? नोटीस तिनेच लिहिली. चोख लिहिली. वाईट लिहिता येईना, हात वळेना.

दहाव्या दिवशी काका तिच्या खोलीत आले. पहारेकऱ्याने जुन्या ओळखीवर सोडलं असावं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"नोकरी गेली," ते म्हणाले.

कलमताई उठली, दार लावलं आणि पगार घेणाऱ्या बाईने बोलू नये ते बोलली. "काका, चांगला वकील करा. हे टिकायचं नाही. वहीवर तारखा आहेत. कायमचं, विनाअपवाद, असलं कलम कोर्ट उचलून धरणं अवघड आहे."

"केला वकील. तोही हेच म्हणाला." काकांनी हातातल्या वहीच्या कडा अंगठ्याने सारख्या केल्या. "नव्या मालकाला मी तेच सांगितलं. तो म्हणतो, काका, तुमचं शंभर टक्के बरोबर असेल हो, पण माझा कारखाना केवढा, त्यांचा केवढा? मला भांडण नको. चहा पाजला बिचाऱ्याने. आता मी कोर्टात जिंकायचं म्हणजे काय करायचं, सांगा? निकाल हाती येईल तेव्हा मला भट्टीजवळ कोण उभं करणार? सत्तरीच्या माणसाला?"

तिने खुर्ची पुढे सरकवली. काका उभेच राहिले.

"भांडायला नाही आलो मी. एकच विचारायचंय. त्या दिवशी मी विचारलं, वहीला बाध नाही ना. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

'साहेबांनी सांगितलं होतं,' हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. अ, ब, क सगळं. तिने ते गिळलं.

"माहीत होतं, काका."

काकांनी मान हलवली. सावकाश, दोनदा. रागावले असते तर तिला सोसलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण चक्क उतरला, ओझं खाली ठेवल्यासारखा.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "घरी सगळे म्हणतात, नीट वाचलं नाहीस, तुझीच चूक. मलाही तसंच वाटायला लागलं होतं."