तोलोगोनचा नियम

किर्गिझस्तानातल्या तोकमोकच्या टॅक्सीतळावर कुणाची गाडी रस्ता सोडून एका बाजूला ओढायला लागली, तर तिला तोलोगोनकडे न्यायची, यावर कधी चर्चा होत नसे. डोकं दुखलं की आपण कपाळाला हात लावतो, तेवढं ते ठरलेलं होतं. गावाबाहेरच्या जुन्या लष्करी धावपट्टीवर तो गाडी घेऊन जायचा, साठचा वेग धरायचा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवरून काढून सूर्यफुलाच्या बिया सोलायला घ्यायचा. शेजारी बसलेल्या गाडीमालकाचे डोळे पांढरे व्हायचे. दहा बिया खाऊन होईपर्यंत गाडी धावपट्टीच्या मधल्या रेघेवरून हलली नाही, तर काम झालं. हलली, तर परत दुरुस्तीच्या खड्ड्यावर.

अठ्ठावन्न वर्षांचा, आखूड मानेचा, कमी बोलणारा माणूस. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रशियात. घरी बोलायला कुणी नव्हतं, म्हणून की काय, तो गाड्यांशी बोलायचा. लोक त्याला 'उस्ता', म्हणजे कारागीर, म्हणत आणि ते ऐकताना त्याची आखूड मान थोडी लांब व्हायची. एवढीच त्याची मिळकत, आणि एवढाच गर्व.

त्याचा एक नियम होता. त्याच्या स्वतःच्या उस्तादाकडून मिळालेला आणि तळावरच्या प्रत्येक ड्रायव्हरला त्याने स्वतः शिकवलेला. नव्या टायरांवर गाडी ओढायला लागली, की पुढची दोन चाकं डावी-उजवी बदलायची. ओढ बाजू बदलून दुसरीकडे गेली, तर दोष टायरचा. ओढ तिथेच राहिली, तर दोष गाडीचा.

हा नियम समजावताना तो चहाची वाटी टेबलावर आडवी करून ढकलायचा. वाटी सरळ जात नसे, बुडाच्या बाजूला वळत वळत जायची. "कारखान्यात पट्टा ड्रमवर जरा सरकून बसला की टायर असाच होतो," तो म्हणायचा. "डोळ्याला दिसत नाही, पण एक कड बारीक. जिकडे बारीक, तिकडे ओढणार. आता वाटी फिरवून ठेव. बघ, दुसरीकडे निघाली." मग तो टायर रिमवरून उतरवून उलटा बसवायचा, म्हणजे दोन्ही चाकांच्या ओढी एकमेकींना खोडतात आणि गाडी सरळ चालते. गिऱ्हाईक थक्क.

ऑगस्टमध्ये शायलोबेकने चार नवे टायर घातले. शायलोबेक म्हणजे तोलोगोनचा लष्करातला सोबती, जुन्या जर्मन गाडीवर तोकमोक-बिश्केक टॅक्सी चालवणारा. टायर घेतले ते खड्ड्याला लागूनच असलेल्या दुकानातून. दुकान कुबातचं, आणि खड्डाही आता कुबातचाच. त्याचा बाप आणि तोलोगोन यांनी मिळून तो खणला होता. बाप गेल्यावर सगळं एकतीस वर्षांच्या पोराकडे आलं, आणि लहानपणी ज्याच्या खांद्यावर बसून हे पोर जत्रेला गेलं होतं, तो माणूस त्याच्या हाताखाली आला.

"उजवीकडे ओढते रे," शायलोबेक म्हणाला. "हात सोडला की थेट कालव्यात."

तोलोगोनने चाकं बदलली. धावपट्टीवर नेली. बिया तीनच खाऊन झाल्या. गाडी उजवीकडेच.

"गाडीचा दोष."

"अरे, जुन्या टायरांवर लोण्यासारखी चालत होती."

"जुने टायर झाकून घेत होते. म्हातारी बायको नवऱ्याला सांभाळून घेते, तसं. नवी आली, आता दिसलं."

शायलोबेक हसला. उस्ताने सांगितलं म्हणजे सांगितलं. तोलोगोनने चिठ्ठीवर 'दोष गाडीचा' असं लिहून खाली सही केली. ही सवय नवी होती. कुबातने मागच्या महिन्यात लावलेली. "लेखी असलं की गिऱ्हाइकाला बरं वाटतं, बायके," तो म्हणाला होता. थोरल्या भावाला म्हणतात तसं 'बायके' म्हणायचा तो त्याला, अगदी गोड आवाजात.

मग सुरू झालं. खालचा दांडा बदलला. रबरी बुश बदलले. स्टिअरिंगचा दातेरी दांडा दुसऱ्या गाडीचा काढून घातला. ब्रेक सोडून बघितले, बेअरिंग बघितलं. प्रत्येक वेळी धावपट्टी, प्रत्येक वेळी उजवीकडे. शायलोबेकची तळावरची पाळी गेली, त्याच्या ठरलेल्या सवाऱ्या दुसऱ्याने उचलल्या. तीन आठवडे त्याने चहा आणून दिला, पाने उचलून दिले आणि शेवटी गप्प बसायला लागला. तळावरचे ड्रायव्हर येता-जाता विचारायचे, "काय उस्ता, गाडी की बायको? इतके दिवस मन वळवतोयस."

तोलोगोन रात्री झोपत नव्हता. ओळंबा आणि दोऱ्या लावून त्याने मापं शंभरदा घेतली होती. मापं बरोबर होती. बरोबर मापांची गाडी वाकडी चालते, हे त्याच्या आयुष्यात बसत नव्हतं. आणि त्याच महिन्यात तशीच ओढ घेऊन आणखी अकरा गाड्या आल्या होत्या. सगळ्या उजवीकडे. सगळ्यांना त्याने चिठ्ठी दिली होती. टायर एकाच दुकानातले, एकाच खेपेचे आहेत, हे त्याच्या डोळ्यांसमोर होतं. पण त्याच्या आणि त्या टायरांच्या मध्ये नियम उभा होता.

शेवटी त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं. पुढच्या चाकांचा कल बिघडवला. डाव्या चाकाचं डोकं मुद्दाम बाहेर, उजव्याचं मुद्दाम आत. आकडे बघून त्याला स्वतःचीच लाज वाटली. पण धावपट्टीवर दहा बिया खाऊन झाल्या तरी रेघ सुटली नाही. शायलोबेकने त्याला मिठी मारली. तोलोगोनने नजर दुसरीकडे वळवली आणि उरलेल्या अकरा गाड्याही तशाच केल्या.

नोव्हेंबरच्या पहिल्या बर्फाला सगळ्यांनी हिवाळी टायर चढवले. दुसऱ्याच दिवशी शायलोबेक आला. गाडीचा डावा दरवाजा आत गेलेला.

"डावीकडे," तो म्हणाला. "समोरून दुधाचा टँकर येत होता. आता डावीकडे ओढते."

तोलोगोनने वाकून चाकं बघितली. मग उठून कुबातच्या दुकानात गेला.

कुबात पाव कापत होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, सुरी ठेवली आणि लांबट पाव उचलून दाखवला. वर भट्टीवाल्याने मारलेल्या तिरक्या चिरा होत्या.

"बायके, ह्या चिरा कुठे झुकल्यात?"

"उजवीकडे."

कुबातने पाव टोकाकडून फिरवून उलटा धरला. "आता?"

चिरा अजून उजवीकडेच झुकल्या होत्या.

"टायरच्या कातड्याखाली पोलादी तारांचे दोन पट्टे असतात. तारा अशाच तिरक्या. वरच्या पट्ट्याचा तिरकेपणा चुकीचा कापला गेला, की टायर तिकडेच ओढतो. डावीकडे लावा, उजवीकडे लावा, उलटा करून लावा. तुमच्या वाटीसारखा फिरत नाही तो. कारखान्याचं पत्र आलंय, त्या आठवड्याची सगळी खेप तशी. दुसरे टायर घालून बघितलं असतं, तर दहा मिनिटांत कळलं असतं."

"पत्र कधी आलं?"

"जुलैत."

बाहेर कुणीतरी हॉर्न वाजवला.

"तू मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत. आणि तुमच्यासारखा माणूस 'गाडीचा दोष' म्हणून सही करून देत असताना मी कशाला मध्ये बोलू?" त्याने पावाचा तुकडा तोंडात टाकला. "खेप स्वस्तात मिळाली होती. तुमच्या नियमावर सगळी विकली गेली. खरं सांगू, बाबा असते तर खूश झाले असते तुमच्यावर."

तोलोगोन सरळ टॅक्सीतळावर गेला. शायलोबेक आणि सात-आठ ड्रायव्हर शेकोटीशी उभे होते. त्याने सगळ्यांसमोर सांगितलं. दोष टायरचा आहे, उन्हाळ्यात घातले त्या टायरचा. माझा नियम अपुरा होता. मी चुकलो.

मग शायलोबेक म्हणाला, "माझ्या डिकीत आहेत ते टायर, रिमसकट. बघू."

चौघांनी हात लावला, दहा मिनिटांत चाकं चढली. शायलोबेक आणि तोलोगोन पुढे, दोघं मागे. धावपट्टीवर शायलोबेकने हात सोडले. गाडी रेघेवरून केसभर हलली नाही.

"हे टायर वाईट?" मागचा ड्रायव्हर म्हणाला. "हे तर गाईसारखे चाललेत."

परत येऊन हिवाळी चाकं लावली आणि गाडी पुन्हा पळवून पाहिली. डावीकडे. शायलोबेकने पुढची दोन्ही स्वतः उतरवली, डावं उजवीकडे, उजवं डावीकडे. पुन्हा डावीकडे. तो खाली उतरला तेव्हा त्याचा आवाज अगदी शांत होता.

"ओढ तिथेच राहिली. म्हणजे दोष कुणाचा, उस्ता? तूच शिकवलंस."

"ते वाईट टायर सरळ चालतात, कारण मी गाडी त्यांच्यासाठी वाकवलीय," तोलोगोन म्हणाला. "कल बिघडवला मी. तो सरळ केला की हे हिवाळी सरळ चालतील आणि ते ओढतील. मला अर्धा तास दे, दाखवतो."

"थांब. तू माझी गाडी वाकवलीस?"

"हो. पण—"

"माहीत असून?"

"माहीत असून."

"आणि मला मिठी मारू दिलीस."

शेकोटीपाशी कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, कारण हसल्याशिवाय त्या जागी उभं राहणं अवघड होतं. "म्हातारा आता टायरवर ढकलतोय," एकाने म्हटलं. "परवा रस्त्यावर ढकलेल." तोलोगोनने गाडीला हात लावायचा प्रयत्न केला, तर शायलोबेकने त्याचा हात मनगटाला धरून बाजूला ठेवला. मारलं नाही. फक्त बाजूला ठेवला, जसा कुणी दुसऱ्याचा पाना ठेवतो.

गाडी कुबातच्या, चाकांचा कल मोजणाऱ्या नव्या कॉम्प्युटर यंत्रावर गेली. पडद्यावर आकडे लाल, मग हिरवे. वीस मिनिटांत सरळ. अकरा गाड्याही एकेक करून आल्या. प्रत्येकाच्या खिशात चिठ्ठी होती, प्रत्येक चिठ्ठीखाली सही. कुबातने एकाही टायरचं नाव घेतलं नाही. फक्त चिठ्ठी बघून मान हलवायचा. "वय झालंय बायकेंचं," म्हणायचा. डिसेंबरात त्याने तोलोगोनला अवजारं घरी न्यायला सांगितलं आणि ती स्वतःच्याच गाडीतून पोचवली. कौतुकाने.

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं, उन्हाळी टायर चढले आणि बाराही गाड्या पुन्हा उजवीकडे ओढायला लागल्या. तोलोगोनने ते बाजारात कांदे घेताना ऐकलं. आता तरी कळेल, असं त्याला क्षणभर वाटलं. तो कांद्याची पिशवी घेऊन तसाच दुकानाकडे निघाला. कोपऱ्यावर पोचला तेव्हा शायलोबेकची गाडी यंत्रावर होती आणि कुबात त्याला समजावत होता.

"एकदा लोखंड वाकवलं की ते आठवण ठेवतं, दादा. तोलोगोन बायकेंनी जे केलंय ते दर वर्षी वर येणार. मी दर वर्षी सरळ करीन. नवे टायर घेणार असलात तर तेही स्वस्तात लावून देतो."

शायलोबेकने मान डोलावली. मग त्याला कोपऱ्यावरचा तोलोगोन दिसला. तो गाडीच्या पलीकडून फिरून आला आणि त्याने तोलोगोनच्या बाजूची काच वर केली.