हरी रे हरी

वृद्धाश्रमातल्या गुरुवारच्या भजनासाठी मी एक गाणं लिहिलं. शब्द लहानपणापासून तोंडात असलेलेच घेतले. जोडाक्षरं टाळली, कारण कवळी अडखळते. कडवी एकट्याने म्हणायची आणि ध्रुवपद दोनदा ऐकवून मग सगळ्यांकडून दोनदा म्हणून घ्यायचं, असं ठरवलं. पहिल्या वेळी ते कानात बसतं, दुसऱ्या वेळी ओठ हलू लागतात. ध्रुवपद होतं, ‘हरी रे हरी, ने मला घरी.’ यमकामुळे शेवटचा शब्द आपोआप येई.

मुलाचं नाव विसरलेल्या सुमनआजींना ते पाठ झालं. मला अभिमान वाटला.

पुढच्या गुरुवारी गेलो, तर त्या पिशवी भरून फाटकाशी बसल्या होत्या.

“कुठं निघालात, आजी?” तिथल्या सेविकेने, रेखाने विचारलं.

“घरी. एवढे सगळे गातात, तुला ऐकू येत नाही का गं?”

रेखा हळूच मला म्हणाली, “आठवडाभर इथंच बसतायत, दादा. घर विकलंय त्यांचं.”

घाईघाईने मी शेवट बदलला, ‘राहा अंतरी’. चाल आणि यमक तेच ठेवलं, दोनदा ऐकवलं. बाकीच्यांनी ते लगेच उचललं. आजी मात्र मांडीवर ताल धरून मोठ्याने गात होत्या, “ने मला घरी.”

भजन संपल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. माझा हात थोपटत समजूत घातल्यासारखं म्हणाल्या, “चुकलास हो बाळा. असू दे. पुढच्या वेळी नीट म्हण.”