सगळ्या वर्गाची आई

एम.एड.च्या वर्गाला मी पेडॅगॉजी, अँड्रॅगॉजी आणि ह्युटॅगॉजी यांतला फरक शिकवायचो. खरं सांगायचं तर शिकवत नव्हतो, लिहून देत होतो. दरवर्षी हमखास येणारा प्रश्न, त्याचं आदर्श उत्तर माझ्याकडे तयार. समोर बसलेले निम्मे लोक स्वतः जिल्हा परिषदेचे शिक्षक, चाळिशीतले, चष्मेवाले. "सर, जरा हळू," म्हणत ते लिहून घ्यायचे. "प्रौढ व्यक्तीला आपल्या शिकण्याचे निर्णय आपण घ्यायचे असतात. अधोरेखित करा," असं मी सांगायचो आणि सगळे पट्टी काढून अधोरेखित करायचे. यात काही विचित्र आहे, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

उत्तर मात्र चोख होतं. पेडॅगॉजीत काय, कधी आणि कसं शिकायचं ते शिक्षक ठरवतो, शिकणारा त्याच्यावर अवलंबून असतो. अँड्रॅगॉजीत शिकणाऱ्याला आधी कळावं लागतं की हे मला कशासाठी हवं, त्याचा अनुभव हीच मोठी शिदोरी असते आणि शिक्षक सोबतीला राहतो. ह्युटॅगॉजीत शिकणारा प्रश्नही स्वतःच ठरवतो, वाटही स्वतःच शोधतो, आणि नुसती चूक दुरुस्त न करता आपली शिकण्याची पद्धतच तपासून बदलतो. शेवटी एक वाक्य असायचं की हा फरक वयाचा नाही. लहान मूलही स्वतःची वाट शोधू शकतं आणि मोठ्या माणसालाही अगदी नव्या विषयात बोट धरणारा लागतो.

त्यापुढे अनुभवातलं उदाहरण. ते माझ्या आईचं होतं. वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात प्रौढांचा वर्ग निघाला, तेव्हा तिथल्या गुरुजींनी बायांना मुळाक्षरं घोकायला लावली. आई कंटाळून घरी बसली. पुढे दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी विचारलं, तुम्हाला काय वाचायचंय? आई म्हणाली, एसटीची पाटी. कारण अंबडच्या स्टँडवर प्रत्येक वेळी परक्या माणसाला विचारायची तिला लाज वाटायची. ती पाटी शिकली. पण एकेक अक्षर जुळवेपर्यंत गाडी निघून जायची, म्हणून तिने आपल्या मनानेच पद्धत बदलली. उभ्या गाड्यांच्या पाट्या आधी बघून ठेवायच्या, मग पहिलं आणि शेवटचं अक्षर धरायचं. ते जमल्यावर पुढे काय वाचायचं तेही तिचं तिनेच ठरवलं. एका गोष्टीत तिन्ही प्रकार. मला त्या उदाहरणाचा फार अभिमान होता.

केदारखेड्याच्या शाळेवरच्या एक बाई त्या वर्गात होत्या. मागच्या खेपेला त्या याच पेपरात अडकल्या होत्या. घरच्यांनी बजावलं होतं की यंदा न्हाई जमलं तर सोडून द्या. तास संपल्यावर त्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"सर, उदाहरण माझं लिहू का? माझ्या वर्गात एक पोरगी हाय, तिला ऐकू येत न्हाई. मी मोबाईलवर पाहून खुणांची भाषा शिकून राह्यले होते. पण ती पोरगी घरी वेगळ्याच खुणा करते. मंग मी ते सोडून दिलं अन् तिच्याकडूनच शिकायला बसले."

यापेक्षा चांगलं उदाहरण मी वीस वर्षं शोधलं असतं तरी मिळालं नसतं. मी म्हणालो, "बाई, ही तुमची शेवटची संधी आहे. धोका घेऊ नका. लिहून दिलंय तेच लिहा."

"बराबर हाय सर," म्हणून त्या गेल्या.

त्या वर्षी तपासणी जालन्यातच होती. एका हॉलमध्ये टेबलं लावलेली, प्रत्येकाला गठ्ठा दिलेला, उत्तरपत्रिकेवर नाव नाही. माझ्यासमोर दुसऱ्याच कॉलेजचे पेपर होते. शेजारच्या टेबलावर परभणीकडचे एक परीक्षक बसले होते. थोड्या वेळाने ते स्वतःशीच हसायला लागले.

"सर, हे ऐका. 'माझी आई एसटीची पाटी वाचायला शिकली.'" त्यांनी दुसरा पेपर उघडला. "'माझी आई एसटीची पाटी.' हे तिसरं. एका आईला किती लेकरं असावीत?"

हॉलमध्ये हशा पिकला. मीही हसलो. माझा तो आवाज मला अजून ऐकू येतो.

मुख्य परीक्षक उठून आले. त्यांनी चार-पाच पेपर चाळले आणि त्यांचा चेहरा कडक झाला. "ही सरळ सामूहिक कॉपी आहे. गठ्ठा बाजूला काढा. निकाल राखून ठेवायला लिहून देतो."

उघडा पेपर माझ्याकडे सरकला होता. त्यात उदाहरणाच्या जागी आधी चार ओळी होत्या, 'माझ्या वर्गातील एका कर्णबधिर मुलीकडून मी,' आणि त्यांच्यावर पट्टीने सरळ, नीट रेघा मारलेल्या. खाली नव्याने सुरुवात होती, 'माझी आई.' मी ज्या पट्टीने अधोरेखित करायला शिकवलं, तीच असणार.

मी उभा राहिलो.

"कॉपी नाही सर. ती आई माझी आहे. मी लिहून दिलंय."

कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं झालं असतं. मुख्य परीक्षकांनी चष्मा काढला.

"अँड्रॅगॉजी लिहून दिली?"

"हो."

त्यांनी थोडा विचार केला. "फरकाच्या मुद्द्यांना मार्क द्या. उदाहरणाला शून्य. सगळ्यांना."

मी त्या खोडलेल्या ओळींवर बोट ठेवलं. "सर, हे तरी बघा. हे तिचं स्वतःचं आहे."

"खोडलेलं तपासता येत नाही, तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले, आणि ते बरोबर होतं. नाव नसलेला पेपर कोणाचा आहे ते मी बोलून दाखवलं, हाही नियमभंगच होता. मी जागेवर जाऊन बसलो आणि उरलेला दिवस कोणाकडे मान वर करून पाहिलं नाही.

निकाल लागला. त्या बाई काठावर पास झाल्या. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरी पेढे घेऊन आल्या आणि माझ्या पाया पडायला वाकल्या.

"सर, तुमच्यामुळं निघाले. आधी चुकून माझंच लिहायला घेतल्तं. मंग तुमचं बोलणं आठवलं, जल्दी खोडून टाकलं."

मी सांगायला हवं होतं की चुकून नव्हतं ते. तोंड उघडलं आणि पेढा घातला. तपासणी गोपनीय असते, ही सबब मला तेव्हा फार सोयीची वाटली.

"आईंना पण द्या पेढा," असं म्हणून त्या गेल्या.

आई आत शेंगा फोडत बसली होती. पेढा हातात घेऊन तिने विचारलं, "कशाचा रे?"

"एक बाई पास झाली. परीक्षेत तुझी गोष्ट लिहून."

"माझी? ती काय करायची माझी गोष्ट?" आईने पेढा न खाता ताटात ठेवला. "तिला तिची काही गोष्ट न्हाई का?"