थोरलीच्या जागी बोलायला

थोरली आणि धाकटी, दोघी जावा. एकाच शेडमध्ये, एका लांब टेबलाच्या दोन बाजूंना उभ्या राहून सुका कचरा निवडण्यात दोघींचं अर्धं आयुष्य गेलं. थोरलीच्या तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की जेवणाच्या सुट्टीलाच थांबायचा. धाकटी नुसती "हं" म्हणायची. त्यामुळे दर वर्षी शाळेतून बोलावणं यायचं ते थोरलीला. परिपाठाला ती मुलांसमोर त्यांच्याच वर्गांतला कचरा ओतायची आणि बोलता बोलता पोरांची हसून मुरकुंडी वळवायची.

यंदाही बोलावणं आलं, पण थोरली राहिली नव्हती.

शेडमध्ये हातमोजे मिळतात. पण कुठलं प्लास्टिक कुठल्या पोत्यात जायचं ते बोटांना कळतं, चुरगाळल्यावर होणाऱ्या आवाजाने कळतं, आणि जाड मोज्यातून काही म्हणजे काही कळत नाही. म्हणून सगळ्याच जणी उजव्या हाताचा मोजा काढून ठेवतात. थोरलीनेही काढला होता. खरकट्याने बरबटलेल्या एका पिशवीत कुणीतरी फुटका ग्लास टाकून दिला होता. तिचं बोट चिरलं. "एवढ्याशासाठी कोण दवाखाना करतं," असं म्हणत तिने चिंधी बांधली आणि पुन्हा कामाला लागली. जखम चिघळली, ताप चढला, विष अंगभर भिनलं. दवाखान्यात नेलं तेव्हा हातात काही उरलं नव्हतं.

चार माणसांत बोलायचं म्हटलं की धाकटीची पाचावर धारण बसते. तरी ती शाळेला हो म्हणाली. काच गुंडाळून टाका, एवढं एकदा कुणाच्या तरी कानावर घालायचंच होतं तिला.

मुख्याध्यापिका बाई भल्या होत्या. जिन्याजवळ गाठून त्यांनी हळूच सांगितलं, "वाईट झालं हो फार. पण मुलं लहान आहेत. ते गेल्याबिल्याचं काही बोलू नका, घाबरतील."

झालं. जे सांगायला आली होती तेच नेमकं गिळायचं होतं. धाकटीने सवयीने "हं" म्हटलं.

मैदानात रांगा बसल्या. धाकटीने वर्गांतल्या कचऱ्याची बादली उपडी केली. टरफलं, अर्धी पोळी, कागद, रिकामं पेन, दुधाची पिशवी, सगळा काला.

"हा कागद बघा," ती म्हणाली. आवाज बारीक निघाला, तसे मागच्या रांगांनीही कान टवकारले. "कोरडा असता तर याचा पुन्हा कागद झाला असता. भाजी लागली, आता हा कुणाच्या कामाचा नाही. टरफलं वेगळी असती तर त्यांचं खत झालं असतं. म्हणून याच आठवड्यात एवढं करा. डब्यातलं उरलेलं ओल्याच्या डब्यात टाका, पण पिशवीसकट नको. दुधाची पिशवी विसळून वाळवा आणि तिचा कोपरा पुरता कापू नका, तो इवलासा तुकडा आम्हाला सापडत नाही. घड्याळातले, खेळण्यातले सेल निराळ्या बरणीत साठवा."

तिने एकवार बाईंकडे बघितलं.

"आणि काच फुटली की जाड कागदात गुंडाळा. वर लाल खूण करा. माझी थोरली जाऊ, तुम्हाला हसवायची ती, तिचं बोट कापलंय."

पुढच्या रांगेतल्या दोन वेण्यांच्या मुलीने हात वर केला. "मग त्या घरी आहेत का? बऱ्या होतील ना?"

बाई धाकटीकडे बघत होत्या. धाकटीने त्या मुलीकडे बघितलं.

"हं," ती म्हणाली.

घरी जाताना तिला स्वतःचाच राग आला. जन्मभर थोरलीच्या बोलण्याला हुंकार दिला आणि तिच्या मरणाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हाही हुंकारच दिला. आता कोण कशाला काच गुंडाळतंय? बोट काय, सगळ्यांचंच कापतं.

पुढच्या आठवड्यात शाळेची पोती टेबलावर रिकामी झाली. कागद कोरडे होते. पिशव्या विसळलेल्या, कोपरे जागच्या जागी लोंबत होते. त्यांतच पुठ्ठ्याची एक जड पुडी निघाली. दोऱ्याने करकचून बांधलेली, चारी बाजूंनी लाल खडूने रंगवलेली. वर मोठाल्या अक्षरांत लिहिलं होतं. धाकटी शब्द लावत लावत वाचू लागली.

"काच आहे. मोठ्या मावशी, तुम्ही कामावर आलात की सावकाश उघडा. तुमचं बोट दुखू नये म्हणून चार पदर गुंडाळलेत."

धाकटीने पुडी छातीशी धरली आणि शेडमधल्या सगळ्या बायकांदेखत, आयुष्यात पहिल्यांदा, मोठमोठ्याने रडली.