तोंडी परीक्षेतली पहिली

औषधनिर्माण पदविकेच्या आमच्या वर्गात मुलगी एकच होती. हजेरीपटावर मुलींची नावं आधी लिहायची पद्धत, त्यामुळे तिचा नंबर पहिला. तोंडी परीक्षेतही तीच सर्वांत आधी आत जायची. सत्तरच्या दशकाची सुरुवात होती, कॉलेज नगरमध्ये होतं आणि ती जामखेडकडच्या खर्ड्याची होती. गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडरची जागा रिकामी होती. तिथले डॉक्टर तिच्या निकालापर्यंत थांबायला तयार होते, पुढच्या परीक्षेपर्यंत नाही. तोंडीत स्वतंत्र पास व्हावं लागे.

आम्ही मुलं गाईड पाठ करायचो. एक औषध, त्याचे दुष्परिणाम, ते कशासोबत द्यायचं नाही, अशा चार ओळी. मग पुढचं औषध. परीक्षेच्या आदल्या दिवशी या ओळी एकमेकांत मिसळून जात. ती गट लक्षात ठेवायची. टेट्रासायक्लिनचा गट घेतला, की त्यातली औषधं कॅल्शियम, लोह, ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम यांना चिकटतात आणि पोटातून रक्तात नीट जात नाहीत. लहान मुलांचे दात पिवळे करतात. गरोदर बाईला द्यायची नाहीत. लघवी वाढवणाऱ्या थायझाइडचा गट घेतला, की लघवीवाटे पोटॅशियम जातं आणि रोगी हृदयासाठी डिजिटॅलिसवर असेल तर धोका वाढतो. नाव नवं निघालं तरी गट ओळखला की निम्मं काम झालं, असं ती म्हणायची. उरलेलं निम्मं मात्र पाहावं लागतं, हेही तीच म्हणायची. आम्ही तिची चेष्टा करायचो. एकजण तिला विचारायचा, "गोत्रावरून माणूस ओळखता, तसं का?"

तोंडीला बाहेरगावचे परीक्षक आले. पुढच्या नंबरच्या विद्यार्थ्याने आतल्या बाकावर बसून राहायचं असा रिवाज होता. माझा नंबर दुसरा, म्हणून झालेलं सगळं मी ऐकलं.

त्यांनी डॉक्सिसायक्लिन विचारलं. औषध तेव्हा नवं होतं आणि आमच्या गाईडात नव्हतं. तिने गट सांगितला, टेट्रासायक्लिनचा. ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या अँटासिडसोबत आणि लोहाच्या गोळीसोबत देणार नाही, मध्ये अंतर ठेवीन, असं सांगितलं. दातांचं सांगितलं, गरोदर बाईचं सांगितलं.

"आणि दूध?"

"गटातल्या बाकीच्यांना दूध चालत नाही, सर. याचं वेगळं असू शकेल. देण्याआधी माहितीपत्रक पाहीन."

"म्हणजे माहीत नाही."

"दुधाचं माहीत नाही. बाकीचं सांगितलं."

"बाई, हे औषधशास्त्र आहे, ज्योतिष नाही. या औषधाला दुधाने फारसा फरक पडत नाही. चला."

पुढचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही.

ती बाहेर गेली आणि दारापाशी थांबलेल्या मुलांना तिने सगळं सांगितलं: कुठलं औषध, काय विचारतात, दुधाचं उत्तर काय. आमच्यात तशी पद्धतच होती, जो बाहेर येईल त्याने सांगायचं. तिला सांगणारं कधीच कुणी नसायचं, कारण तिच्या आधी कुणी आत जातच नसे. मला तेच औषध विचारलं. मी नुकतंच ऐकलेलं म्हटलं. परीक्षकांनी मान हलवली. माझ्यानंतर आलेल्यांनीही दुधाचं वाक्य म्हटलं. अँटासिडचं कुणालाच विचारलं नाही. त्यातल्या एकाने मला नंतर सांगितलं, दूध चालतं म्हणजे अँटासिडही चालत असणार, असं त्याला वाटलं होतं. म्हणजे रोग्याच्या पोटात औषध वाया घालवणारा पास झाला.

निकालात ती एकटीच नापास होती.

आम्ही काहीजण विभागप्रमुखांकडे गेलो आणि आत काय घडलं ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तोंडीचे गुण परीक्षकांचे, त्यात फेरतपासणी नाही, असं ते म्हणाले. तिचं उत्तर बरोबर होतं का, असं मी विचारलं. "बरोबर होतं," ते म्हणाले, "पण ठामपणे सांगायला हवं होतं." जे माहीत नाही तेही ठामपणे सांगायचं, हा धडा एका औषधशास्त्राच्या शिक्षकाने आम्हाला आपल्या खोलीत दिला. त्या वाक्याचा राग आजही गेलेला नाही.

पुढच्या परीक्षेत ती पास झाली. दुसरे परीक्षक होते. तोवर दवाखान्यातली जागा भरली होती. यंदा काय विचारलं, असं मी तिला बसस्टँडवर विचारलं.

"एक नवीन नाव हुतं. गाईडात बी न्हाई."

"मग?"

"जे वाटलं ते ठामपणे सांगितलं. पत्रक पाहीन म्हनाले न्हाई मी." जामखेडची गाडी लागली होती. पिशवी उचलत ती म्हणाली, "खरं का खोटं, ते त्यांनी बी इचारलं न्हाई. आता घरी जाऊन पुस्तकात बघते."