आक्काच्या फराळाचं ताट

जेवताना कुणी अण्णांना विचारलं, की या पदार्थाचं नाव कुठून आलं, तर ते हातातला घास ताटात ठेवायचे आणि म्हणायचे, "आधी जेव. नावं कुठं पळून जात न्हाईत." उत्तर मिळायचं, पण हात धुऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसल्यावर. स्वयंपाकघरात एक अक्षर नाही. घरी येणाऱ्या विद्यार्थ्यांना तो मास्तरांचा विक्षिप्तपणा वाटे. मी त्यांची मुलगी, त्यामुळे मला त्यामागचं कारण माहीत होतं.

एके काळी याच्या अगदी उलट होतं. अण्णा बेळगावात शाळेत भाषा शिकवायचे आणि घरी आल्यावरही शिकवणं थांबत नसे. चहा तेव्हा आमच्याकडे नुकताच रोजचा झाला होता. कप हातात घेतला की अण्णा चीनला पोचलेच म्हणून समजा. "एकाच पानाला तिथं दोन नावं. एका बंदराकडचे लोक 'ते' म्हणायचे, ते डच व्यापाऱ्यांनी नेलं आणि इंग्रजांचं 'टी' झालं. बाकीचा मुलूख 'चा' म्हणायचा. तो खुष्कीच्या वाटेनं इराणात गेला, तिथं 'चाय' झाला. पोर्तुगीजांनी तोच 'चा' जहाजात घातला." मग आपला चहा कुठल्या वाटेनं आला, असं मी विचारलं की म्हणायचे, "दोन्ही वाटा उघड्या होत्या. मला नक्की ठाऊक न्हाय, आणि ठाऊक न्हाय ते मी सांगणार न्हाय." तोवर चहाचं पार पाणी झालेलं असे.

या सगळ्याची भक्त एकच, त्यांची थोरली बहीण. तिला आम्ही सगळे आक्काच म्हणायचो. निपाणीकडच्या एका शेतकरी घरात तिला दिली होती. नवरा गेला, पाठोपाठ एकुलता एक मुलगा गणू तापानं गेला आणि ती भावाकडे आली. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण दत्तू, म्हणजे अण्णा, म्हणेल ते प्रमाण. एकदा शेजारणीनं सांगितलं, पाव पायानं तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात. आक्का आम्हाला पाव शिवू देईना. अण्णा थेट कॅम्पातल्या गोवेकर पाववाल्याला गाठून आले. "आक्का, पायाचा काही संबंध न्हाय. पोर्तुगीज भाकरीला नाकातून 'पांव' म्हणतात, तोच हा शब्द." आक्का म्हणाली, "दत्तू म्हणतोय म्हंजे तसंच आसणार. खावा गं पोरींनो." त्या विश्वासावर अण्णा फार खूश असत. माणसानं इतकं खूश होऊ नये.

एका एकादशीला नवे हेडमास्तर आमच्याकडे फराळाला आले. आक्कानं जिरं-मिरचीची फोडणी घालून बटाट्याची भाजी केली होती. पाहुण्यांनी तोंड भरून तारीफ केली आणि अण्णांना स्फुरण चढलं. बटाटा हा शब्द कसा पार समुद्रापलीकडच्या बेटांवरचा, तिथून तो स्पॅनिश लोकांनी कसा उचलला, पोर्तुगीजांनी गोव्यात कसा उतरवला आणि घाट चढून तो बेळगावात कसा आला, हे त्यांनी रंगवून सांगितलं. पाळंमुळं शोधायला गेलं तर शब्दही परका आणि कंदही परका. हेडमास्तर हसून म्हणाले, "म्हणजे मास्तर, तुमची एकादशी फिरंग्यांच्या हाती!" अण्णाही मोठ्यानं हसले.

आक्का दारात उभी होती. पाहुणे गेल्यावर तिनं विचारलं, "दत्तू, बटाटा फिरंग्याचा व्हय? मग त्यो खाऊन उपास मोडतोय की."

"शास्त्र मला विचारू नको, पण परका आहे खरा."

ती खाली बसली. "गणू आजारी हुता तवा मी त्याच्यासाठी सोमवार धरल्यालं. दर सोमवारी बटाटं खाल्लं रं मी."

अण्णांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षं जे दुःख तिनं देवावर सोपवलं होतं, ते एका घासात तिच्याच माथी आलं होतं, आणि वाढणारे अण्णा होते.

तिनं बटाटा सोडला. उपास मात्र वाढवले. अण्णा तिला समजवायला गेले की खाणं सगळं असंच फिरत आलेलं असतं. "साबुदाणाच घे. मलायी लोक एका झाडाच्या गराला सागू म्हणतात, त्यावरनं आपला साबू." आक्कानं साबुदाणा सोडला. अण्णा काकुळतीला आले. म्हणाले, "अगं, त्या बेटांवर बटाटा हे मुळात रताळ्याचंच नाव! तू रताळं खातेस, मग बटाट्यानं काय केलंय?" दुसऱ्या दिवसापासून रताळंही बंद. अण्णांचं प्रत्येक खरं वाक्य तिच्या ताटातला एकेक पदार्थ उचलून नेत होतं. उपासाच्या दिवशी ती दूध आणि मूठभर शेंगदाण्यांवर राही. हातातल्या पाटल्या कोपराकडे सरकू लागल्या.

मग एका सोमवारी, दाणे तोंडात टाकता टाकता तिनं विचारलं, "दत्तू, शेंगा तरी आपल्याच न्हवं?"

शेंगाही समुद्रापलीकडच्याच. मिरचीसारखंच त्यांचं. मिरचीला आपण आपल्या मिऱ्याचं जुनं नाव दिलं, पण वस्तू बाहेरची. अण्णांना हे पुरतं माहीत होतं. त्यांनी तिच्या सैल पाटल्यांकडे पाहिलं. मग म्हणाले, "भुईमूग. भुई आपली, मूग आपला. नाव बघ की." आक्कानं त्यांच्याकडे पाहिलं आणि दाणे खाल्ले.

त्यानंतर घरात अण्णांची ती बडबड कायमची बंद झाली. कट्ट्यावर बसून ते मला म्हणाले, "खरं बोललो ते मिरवायला. खोटं बोललो ते भ्यालो म्हणून. आता आत बोलायचं तोंड न्हाय मला."

अशी काही वर्षं गेली. शेवटच्या आजारपणात आक्कानं एकदा अण्णांना जवळ बसवून घेतलं. म्हणाली, "आमच्या सासरी शेंगांस्नी विलायती मूग म्हणत्यात. लगीन झाल्यापास्नं ऐकत आल्ये मी."

अण्णांनी विचारलं, "मग खाल्लंस कशाला?"

"तू खोटं बोलाय लागलास, तवा जीव कळवळला माझा. म्हटलं, ह्येच्यासाठी खायाचं. उपासाला जाणून खाल्लं, इतकी वरसं. तुला, ह्या पोरींस्नी, कुणाला काय झालं न्हाय. मग म्या अजाणता बटाटं खाल्ल्यालं म्हणून द्येव माझं पोर कशाला न्हेईल? त्यो तसला न्हाय." एवढं बोलून ती भिंतीकडे तोंड करून शांत झोपली. चारच दिवसांनी गेली. तिची सुटका झाली होती. अण्णांची झाली नाही. तिनं क्षमा केली हेही त्यांना सोसवत नव्हतं.

वर्षश्राद्धाला त्यांनी स्वतः बाजारात जाऊन बटाटे आणले आणि आईला तीच भाजी करायला सांगितली, जिरं-मिरचीची. पान मांडताना भटजींनी हात आडवा धरला. "मास्तर, श्राद्धाला बटाटा चालत नाही. परदेशी कंद तो. तुम्हाला मी काय सांगायचं?"

आता अण्णा सुरू होणार असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी भटजींचा हात हळूच बाजूला केला आणि भाजी वाढली.

"कुठला आहे ते मी तिला एकदा सांगितलंय," ते म्हणाले. "आता जेवू द्या तिला."