मशिनीचे बोल्ट आणि साडेचार इंची भिंत

मी शाळेतून घरी आले तेव्हा माझ्या क्वार्टरमध्ये सात-आठ माणसं चहा पीत बसली होती आणि झोपायच्या खोलीच्या भिंतीवर आमचं नवं लॉकर बसलं होतं. त्यात माझ्या आईच्या पाटल्या आणि गोठ जायचे होते. तिच्यामागे तेवढंच उरलं होतं माझ्याकडे.

नवरा कारखान्यात मशिनी उभारायच्या कामावर. अख्खी गँगच हाताशी घेऊन आला होता. गँगशिवाय त्याचं कुठलंही काम व्हायचं नाही, खाटेचा पाय बसवायचा असला तरी.

"वहिनी, भट्टी हालंन, पण हे नाई हालणार!" एकजण म्हणाला.

बोल्ट अंगठ्याएवढे जाड. मी स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. पलीकडून भिंतीचं प्लास्टर फुगून पडलं होतं. मधली भिंत साडेचार इंची. एका विटेची रुंदी तेवढीच. मशीन काँक्रिटच्या पायावर बसते तेव्हा असे बोल्ट लागतात; इथे त्यांनी वीटच फोडली होती. मी लॉकरचं दार धरून ओढलं. अख्खं लॉकर भिंतीचा पोपडा घेऊन पुढे झुकलं.

सगळे गेल्यावर मी तोंड उघडलं. "तुमाले लपवायला सांगितलं होतं की वरात काढायला? पार खुर्सीपारच्या वस्तीपर्यंत कळलं असंन आता!"

"माझे दोस्त आहेत ते. कावून चिडून राहिली?"

"दोस्त चोर नसतात. दोस्त बोलतात."

पुढच्या सुट्टीला दार लावून दोघांनीच लॉकर तिथून काढलं आणि नव्या जागी बसवलं. सामानाच्या कोठीत, बाहेरच्या नऊ इंची भिंतीवर, कोपऱ्यात, सगळ्यात खालच्या फळीखाली. पलीकडे न्हाणी नव्हती, म्हणून ओल नाही. कोपऱ्यामुळे चोराला पहार घालायला जागा नाही. पुढे तांदळाचं पोतं. बोल्ट बारीक, मागचं टोक फाकवलेलं, सिमेंटात धरून राहावं म्हणून. भोकं विटेच्या मध्यावर, सांध्यात नाही. भोक धुऊन घट्ट सिमेंट-वाळूत बोल्ट बसवले. नट लॉकरच्या आतून, म्हणजे बाहेरून कोणाला खोलता येऊ नयेत. पण सिमेंट पक्कं होईपर्यंत मी नट आवळू दिले नाहीत. आठवडाभर मी रोज पाणी शिंपडलं. तो रोज "आता कसतो" म्हणायचा, मी रोज पाना काढून घ्यायची.

गँग पुन्हा चहाला आली. लॉकरच्या जुन्या जागी भिंतीवर ताजं प्लास्टर.

"लॉकर कुठं गेलं, भाऊ?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. सांगण्यासाठी त्याचे ओठ हललेच. मी पातेलं ओट्यावर आपटलं.

"वापस केलं," तो म्हणाला. "भिंत नाई पेलली."

"भाऊ, तू भट्टी पेलतो अन् डबा नाई पेलत!" सगळे खदाखदा हसले. तो कानापर्यंत लाल झाला. मी त्याची बाजू घेतली नाही. कप भरले आणि साखर कमी पडली का, एवढंच विचारलं.